फायनल इमेजमध्ये चुकीचा शब्द गेला: क्लायंटला माफीचा मेल कसा लिहायचा

डिझाइनच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना फोटो कापणं, रंग जुळवणं, टाइप बसवणं कुणी ना कुणी शिकवतं. पण फायनल फाइल क्लायंटकडे गेल्यावर तिच्यात चुकीचा शब्द आहे असं कळलं, तर पुढच्या तासाभरात काय करायचं हे सहसा कुणी शिकवत नाही. मग घाईघाईत एक मेल जातो, ‘सॉरी सर, चुकून झालं, नवीन फाइल जोडली आहे.’ आणि दोन दिवसांनी कळतं की दुकानाबाहेर अजून जुनाच फ्लेक्स लटकतोय.

हा मेल एकट्या क्लायंटसाठी नसतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. तो वाचून क्लायंट लगेच पुढे पाठवतो: इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या भाच्याला, फ्लेक्सवाल्याला, काउंटरवर बसणाऱ्या पोट्ट्याला. त्यातल्या कुणालाच तुम्ही ओळखत नाही. त्यांना तुमच्या माफीशी घेणंदेणं नसतं, त्यांना कळायला हवं असतं की कोणती फाइल काढायची आणि तिच्या जागी कोणती लावायची. माफी क्लायंटसाठी असते आणि बाकीचा सगळा मेल या लोकांसाठी. दोन्ही गोष्टी एकाच पानात नीट बसवायच्या आहेत.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. नागपूरच्या इतवारीतलं एक मिठाईचं दुकान आहे असं धरा. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी संत्रा बर्फीची जाहिरात करायला दिली. फोटो त्यांचाच होता, तुम्ही मागचा पसारा काढून, उजेड दुरुस्त करून त्यावर मजकूर बसवला आणि तीन साइज दिल्या: इन्स्टाग्रामसाठी चौकोनी पोस्ट, व्हॉट्सॲप स्टेटससाठी उभी इमेज आणि दुकानाबाहेर लावायला ६ बाय ३ फुटांचा फ्लेक्स. तीन आठवड्यांपूर्वी याच दुकानासाठी बिनसाखरेच्या खजूर लाडवाची जाहिरात केली होती. तीच लेयर फाइल उघडून, फोटो बदलून हे काम केलं. त्या फाइलमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी होती आणि पट्टीवर लिहिलं होतं ‘साखरविरहित’. ती पट्टी तशीच राहिली. संत्रा बर्फीत साखर भरपूर असते. जाहिरात लागून एक दिवस झाल्यावर एका गिऱ्हाइकाने दुकानात विचारलं, ‘ही शुगरवाल्याला चालते का?’ आणि मग दुकानदार काकांचा तुम्हाला फोन आला.

शुद्धलेखनाची चूक असती तर तिची घाई एवढी नसती. इथे शब्द अगदी शुद्ध आहे, पण तो खोटा दावा करतो. ‘शुगर फ्री’ म्हणायला आपल्याकडे नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच तसं म्हणता येतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी मधुमेह असलेला माणूस त्या पट्टीवर विश्वास ठेवून बर्फी खाऊ शकतो. म्हणून मेल लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा शब्द वाचून कुणी चुकीचं काही करेल का? करणार असेल तर चुकीची इमेज आधी खाली उतरवायची, आणि नवी लावायची घाई त्यानंतर. मेलमधली कामंही याच क्रमाने मांडायची.

मेल लिहायला बसण्याआधी

पहिली पंधरा मिनिटं मेलला हात लावू नका. क्लायंटला पाठवलेल्या सगळ्या फाइल पुन्हा उघडा. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या नाही, प्रत्यक्ष पाठवलेल्या. मेलच्या ‘सेंट’मधून किंवा व्हॉट्सॲपच्या चॅटमधून त्या उतरवून घ्या आणि प्रत्येक फाइल पूर्ण साइजला बघा. बरेचदा तुमच्या फोल्डरमधली फाइल वेगळी असते आणि गेलेली वेगळी.

आपल्या उदाहरणात असं निघतं की चौकोनी पोस्टमध्ये पट्टी आहे, फ्लेक्समध्ये आहे, पण उभ्या स्टेटसमध्ये नाही. तिथे जागा पुरत नव्हती म्हणून तो लेयर आधीच बंद केलेला होता. हे फार कामाचं आहे. हे न बघता तुम्ही ‘सगळ्या फाइल चुकीच्या आहेत’ असं लिहिलं असतं, तर काकांच्या भाच्याने बरोबर असलेला स्टेटसही काढला असता आणि दिवाळीच्या गर्दीत विनाकारण तासभर गेला असता. काय चुकलं याच्याइतकंच काय चुकलेलं नाही हेही मेलमध्ये लिहायचं असतं.

याच वेळी बाकीचा मजकूरही क्लायंटने पाठवलेल्या मूळ मेसेजशी शब्दाशब्दाने ताडून घ्या. भाव, वजन, फोन नंबर, पत्ता. माफीच्या मेलबरोबर गेलेल्या नव्या फाइलमध्ये दुसरी चूक निघाली, तर तिसऱ्या फाइलवर कुणी विश्वास ठेवत नाही. हे वाचन दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. ज्याने फाइल बनवली त्याच्या डोळ्यांना ती पट्टी तीन आठवडे रोज दिसत होती, ती आता त्याला दिसणारच नाही.

चूक कशी झाली हेही आत्ताच शोधा. लेयर पॅनल उघडून बघितलं की पाच मिनिटांत कळतं. जुन्या लाडवाच्या फाइलची कॉपी करून काम केलं आणि पट्टीचा ग्रुप चालू राहिला, बस. मेलमध्ये याचं एकच वाक्य जाणार आहे, पण ते अंदाजाने लिहिलेलं असू नये. ‘सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम आला’ असं लिहून पुढे खरं कारण बाहेर आलं, तर शब्दाच्या चुकीपेक्षा ते महागात पडतं.

आधी फोन

मेल वाचला जाईल तेव्हा जाईल. सणासुदीच्या दिवसांत इतवारीतला दुकानदार संध्याकाळपर्यंत मेल उघडतही नाही. म्हणून फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: काय चुकलंय आणि आत्ता लगेच काय करायचं.

‘काका, बर्फीच्या जाहिरातीत खाली साखरविरहित असं आलंय. ती आमची चूक आहे. इन्स्टावरची पोस्ट आत्ता बंद करायला सांगा, आणि बाहेरच्या फ्लेक्सवर त्या पट्टीपुरता कोरा कागद चिकटवायला लावा. अर्ध्या तासात मी सगळं मेलवर पाठवतो.’

एवढंच. फोनवर खर्चाचं बोलू नका आणि लेयरची कथा सांगू नका. काका चिडलेले असतील तर चिडू द्या, मधे तोंड घालू नका. फोन ठेवल्यावर वेळ लिहून ठेवा, मेलमध्ये तो लागेल.

फोनवर ‘काका’ असलं तरी मेलमध्ये ‘आदरणीय (नाव) जी’ लिहा. हा मेल त्यांचा मुलगा वाचणार, फ्लेक्सवाला वाचणार, उद्या कदाचित त्यांचा सीएसुद्धा वाचेल. त्या सगळ्यांसमोर क्लायंटचा मान राहिला पाहिजे. आणि ते हिंदीत व्यवहार करणारे असतील, जसे इतवारी-गांधीबागेत बरेच व्यापारी आहेत, तर मेल हिंदीत लिहा. ज्यांना त्यावरून काम करायचं आहे त्यांना वाचता येईल ती भाषा.

विषयाची ओळ

‘माफी’, ‘सॉरी’, ‘महत्त्वाचे’ एवढंच लिहिलेला विषय काही सांगत नाही. दिवसाला शंभर मेल येणाऱ्या इनबॉक्समध्ये विषय वाचूनच माणसाला कळायला हवं की कोणत्या कामाबद्दल आहे आणि काय थांबवायचंय. आपल्या उदाहरणात तो असा होईल:

*तातडीचे – संत्रा बर्फी जाहिरात: ‘साखरविरहित’ हा शब्द चुकीचा, v3 पोस्ट व फ्लेक्स वापरू नये*

फाइल पाठवल्या होत्या त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून हे पाठवू नका. जुन्या धाग्यात जुन्या फाइलही जोडलेल्या असतात आणि घाईत माणूस वर सरकून त्याच उतरवतो. नवा मेल, नवा विषय.

मेल

आता पूर्ण मेल देतो, मग त्यातल्या काही जागांबद्दल बोलू.

> आदरणीय (नाव) जी,
>
> आज सकाळी ११ वाजता फोनवर बोललो त्याप्रमाणे लिहीत आहे.
>
> संत्रा बर्फीच्या जाहिरातीत खाली उजव्या कोपऱ्यातील हिरव्या पट्टीवर ‘साखरविरहित’ असा शब्द गेला आहे. आपल्या संत्रा बर्फीत साखर आहे आणि आपण दिलेल्या मजकुरात हा शब्द नव्हता. तो आमच्याकडून गेला. याबद्दल मी आपली आणि आपल्या ग्राहकांची मनापासून माफी मागतो.
>
> खजूर लाडवाच्या जाहिरातीची फाइल वापरून आम्ही ही जाहिरात तयार केली. त्या फाइलमधील पट्टी काढायची राहिली आणि पाठवण्यापूर्वीच्या तपासणीत ती आमच्या नजरेतून सुटली.
>
> चूक असलेल्या फाइल (वापरू नयेत):
> santra-barfi_post_v3.jpg – इन्स्टाग्रामची चौकोनी पोस्ट
> santra-barfi_flex_6x3_v3.pdf – दुकानाबाहेरील फ्लेक्स
>
> बरोबर असलेली फाइल (काढण्याची गरज नाही):
> santra-barfi_status_v3.jpg – व्हॉट्सॲप स्टेटसची उभी इमेज
>
> आपल्याकडून आत्ता लागणारी मदत:
> १. इन्स्टाग्रामवरील पोस्ट आर्काइव्ह करावी. तिच्यावर पैसे भरून जाहिरात चालू असेल तर ती आधी थांबवावी.
> २. चौकोनी इमेज व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवली असल्यास ती ‘सर्वांसाठी डिलीट’ करून खालील खुलासा पाठवावा.
> ३. पट्टी चिकटवली जाईपर्यंत फ्लेक्सवरील त्या जागेवर कोरा कागद लावून ठेवावा.
>
> आम्ही करत आहोत:
> १. दुरुस्त पोस्ट (santra-barfi_post_v4.jpg) सोबत जोडली आहे. पट्टीवर आता आपल्याच मजकुरातील ‘दिवाळी स्पेशल’ हे शब्द आहेत.
> २. फ्लेक्सवर चिकटवायची पट्टी आज दुपारी छापून घेऊन संध्याकाळी ६ पर्यंत आमचा माणूस दुकानावर येऊन लावेल. छपाई आणि लावण्याचा खर्च आमचा.
> ३. पट्टी लावल्यावर फ्लेक्स आपल्याला पटला नाही, तर याच साइजचा नवा फ्लेक्स आमच्या खर्चाने छापून देऊ.
>
> ग्राहकांसाठी खुलासा (योग्य वाटल्यास वापरावा):
> ‘आमच्या संत्रा बर्फीच्या जाहिरातीत चुकून ‘साखरविरहित’ असे छापले गेले होते. या बर्फीत साखर आहे. मधुमेह असलेल्या ग्राहकांनी कृपया नोंद घ्यावी. चुकीबद्दल क्षमस्व.’
>
> दुरुस्त पोस्ट लावण्यापूर्वी तिच्यातील सर्व मजकूर आपण एकदा वाचून ‘ठीक आहे’ एवढे कळवावे, ही विनंती. आज दिवसभर मी या नंबरवर आहे: (नंबर)
>
> आपला,
> (नाव, स्टुडिओ)

माफी कुठे आणि किती

माफी सुरुवातीलाच, एकदाच, आणि कशाबद्दल ते सांगून. चुकीचा शब्द स्वतः लिहून दाखवणं अवघड जातं, हात अडखळतो, म्हणून नवखे लोक ‘जाहिरातीत एक छोटीशी त्रुटी राहिली’ असं लिहितात. पण फ्लेक्सवाल्याला त्रुटी म्हणजे काय ते कळत नाही, आणि ज्यांच्या दुकानावर गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं त्या काकांना ‘छोटीशी’ हा शब्द झोंबतो. चूक छोटी की मोठी हे ठरवायचा हक्क त्यांचा.

‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य पाणी येणार नाही अशा सूचनेवर शोभतं. इथे ‘तो आमच्याकडून गेला’ हे साधं वाक्य जास्त काम करतं, कारण हा मेल पुढे गेल्यावर दुकानातल्या कुणाकडे बोट दाखवलं जात नाही. भाच्यालाही कळतं की त्याने चुकीची फाइल लावली नव्हती.

आणि मेलच्या शेवटी पुन्हा तीनदा माफी मागू नका. वाचणाऱ्याला मग तुम्हालाच धीर द्यावा लागतो, आणि त्या दिवशी त्याला तेवढा वेळ नसतो.

‘तुम्हीच पास केलं होतं’

बहुतेक वेळा क्लायंटने फाइल बघून ‘ओके’ लिहिलेलं असतं. तो स्क्रीनशॉट मेलला जोडावा असं फार वाटतं. जोडू नका. ‘साखरविरहित’ हा शब्द त्यांनी दिलेला नव्हता, तुम्ही घातला होता. त्यांनी मोबाइलवर बोटभर इमेज बघून ओके म्हटलं, म्हणजे प्रूफ वाचलं असं होत नाही. तो ओके जपून ठेवा, पैशांवरून वाद झालाच तर उपयोगी पडेल, पण या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नको.

चुकीचा शब्द त्यांच्याच मजकुरात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा माफीचा मेल नसतो, दुरुस्तीचा असतो: ‘आपण पाठवलेल्या मजकुरात असा शब्द होता, तो बदलून हवा असल्यास कळवावे, दुरुस्त फाइल दुपारपर्यंत देतो.’ इथेही सूर आरोपाचा नको, पण जी चूक तुमची नाही तिची माफी मागून पुढचा खर्च अंगावर घेऊ नका.

फ्लेक्सच्या पट्टीचं गणित

मेलमध्ये ‘पट्टी चिकटवू’ लिहिणं सोपं आहे. ती नीट बसली नाही तर माफीचा मेल फुकट जातो, म्हणून याला थोडा वेळ देतो.

फ्लेक्सवरची हिरवी पट्टी १४ इंच रुंद आणि ३ इंच उंच आहे असं धरा. पहिला विचार येतो की पट्टीच नको, मागच्या क्रीम रंगाचा तुकडा छापून वर चिकटवू. पण क्रीम रंगाच्या मोठ्या मोकळ्या जागेवर क्रीमचाच तुकडा लावला की तो उठून दिसतो. छपाईचा दिवस वेगळा, मशीन कदाचित वेगळी, आणि एक फ्लेक्स तर दुसरं विनाइल. रंग कधीच तंतोतंत जुळत नाही. दुपारच्या उन्हात तर लांबूनही कळतं.

त्यापेक्षा हिरव्या पट्टीच्या जागी हिरवीच पट्टी लावा, फक्त तिच्यावरचे शब्द वेगळे. चारही बाजूंनी अर्धा इंच वाढवून १५ बाय ४ इंच, म्हणजे जुनी पट्टी पूर्ण झाकली जाईल आणि लावताना थोडं इकडेतिकडे झालं तरी जुन्याची कड डोकावणार नाही. हिरवा थोडा वेगळा आला तरी बिघडत नाही, कारण पट्टी मुळातच वेगळ्या रंगाची असते, शेजारी जुळवायला दुसरा हिरवा नसतो. म्हणून आधीच्या मेलमध्ये पट्टी काढली नाही, तिच्यावरचा मजकूर बदलला. नवे शब्द मात्र क्लायंटच्या मजकुरातूनच घ्यायचे. ‘शुद्ध’, ‘ताजी’, ‘अस्सल’ असलं काही आपल्या मनाने बसवलं, तर एक दावा काढून दुसरा घातल्यासारखं होतं.

चिकटवण्याआधी फ्लेक्सचा तो भाग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. इतवारीच्या रस्त्यावर एका दिवसातही धुळीचा थर बसतो आणि धुळीवर विनाइल दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून सुटतं. मग जुना शब्द पुन्हा बाहेर.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर काय होतं, काय होत नाही

क्लायंट विचारेल, ‘फोटोच बदलून टाक ना.’ इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पोस्टखालचा मजकूर बदलता येतो, पण इमेज बदलता येत नाही. ती काढून नवी टाकावी लागते. म्हणून मेलमध्ये ‘डिलीट’ऐवजी ‘आर्काइव्ह’ लिहिलं आहे. आर्काइव्ह केली की पोस्ट लोकांना दिसत नाही, पण तिच्याखाली कुणी काय विचारलं होतं ते क्लायंटकडे राहतं. ‘शुगर असलेल्याला चालेल का’ असं तिथे कुणी विचारलं असेल, तर त्या माणसाला वेगळं उत्तर द्यायला हवं.

व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ पाठवल्यापासून सुमारे दोन दिवसच करता येतं, म्हणून फोनवरच घाई करायची. आणि डिलीट केल्यावरही ज्यांच्या फोनच्या गॅलरीत इमेज आपोआप उतरली, त्यांच्याकडे ती तशीच राहू शकते. म्हणूनच खुलाशाची तयार ओळ मेलमध्ये दिली. नुसतं डिलीट केलं तर लोकांना फक्त ‘मेसेज डिलीट झाला’ असं दिसतं, कारण कळत नाही. ती ओळ पाठवायची की नाही हे दुकानदार ठरवेल, आपण त्यावर हट्ट धरायचा नाही. पण खाण्याच्या पदार्थाचा प्रश्न असेल तर फोनवर एकदा स्पष्ट सांगा की पाठवणं बरं.

फाइलचं नाव आणि लिंक

दुरुस्त फाइलला जुनंच नाव देऊ नका. एकाच नावाच्या दोन फाइल क्लायंटच्या डाउनलोडमध्ये पडल्या की कोणती नवी हे कुणालाच कळत नाही. v3 ची v4 करा आणि मेलमध्ये दोन्ही नावं लिहा. ‘final’, ‘final2’, ‘new final’ यांवरून काहीच कळत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, फ्लेक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर देवनागरी नावांच्या जागी कधीकधी नुसते चौकोन दिसतात.

फाइल गूगल ड्राइव्हच्या लिंकवर दिली असेल तर ती लिंक आधीच चार जणांकडे गेलेली असते. अशा वेळी नवी लिंक देऊन भागत नाही, जुन्या लिंकवर जुनीच फाइल उघडत राहते. फाइलवर राइट क्लिक करून `File information` खालच्या `Manage versions` मधून नवी फाइल चढवा, म्हणजे त्याच लिंकवर नवी उघडेल. तिथलं नाव बदललं नसेल तर ते हाताने v4 करा. मग ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडून, लॉगिन न करता ती लिंक स्वतः तपासा. जुनी दिसत नाही ना आणि परवानगी मागत नाही ना, दोन्ही कळतं.

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते. फ्लेक्सची पीडीएफ त्याहून मोठी असेल तर ती लिंकने द्या, पण पोस्टची इमेज मेललाच जोडा, भाचा मोबाइलवरून लगेच घेऊ शकेल.

फ्लेक्सवाल्याला सीसीमध्ये टाकू नका. त्याच्यासमोर क्लायंटला ही चूक वाचावी लागणं बरं नाही, आणि तो क्लायंटचा माणूस असेल तर त्याला काय सांगायचं हे क्लायंट ठरवेल. इन्स्टाग्राम सांभाळणारा भाचा आधीपासून तुमच्या मेलमध्ये असेल तरच त्याला ठेवा.

खर्चाचं वाक्य

‘होणारे सर्व नुकसान आम्ही भरून देऊ’ असं भावनेच्या भरात लिहू नका. सर्व नुकसान म्हणजे काय याला हद्द नसते. परत आलेले डबे, न झालेली विक्री, सगळंच त्यात येतं. जे तुम्ही नक्की करणार आहात तेवढंच लिहा: पट्टी, ती लावणं, आणि हवा असल्यास याच साइजचा एक नवा फ्लेक्स. तुम्ही नोकरीला असाल तर हे वाक्य मालकाला विचारल्याशिवाय मेलमध्ये जाऊ देऊ नका, मेल कितीही तातडीचा असला तरी. आणि क्लायंटचं आधीचं बिल बाकी असेल तर या मेलमध्ये त्याचं नावही काढू नका. ते पुढच्या आठवड्यात.

पाठवल्यानंतर

‘ठीक आहे’ असं उत्तर तासाभरात आलं नाही तर पुन्हा फोन करा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, आणि v4 ला त्यांचा लेखी होकार मिळेपर्यंत पट्टी छापायला देऊ नका. संध्याकाळी सहाची वेळ दिली आहे, म्हणजे छपाईवाल्याला दुपारी दोनपर्यंत फाइल जायला हवी. वेळ पाळता येणार नाही असं दिसलं तर सहा वाजायच्या आत कळवा, नंतर नव्हे.

चिडलेलं उत्तर आलं, ‘आमच्या दुकानाचं नाव खराब केलं’ वगैरे, तर त्यावर लांब खुलासा लिहू नका. ‘आपलं म्हणणं बरोबर आहे. पट्टी छापायला दिली आहे, सहाला दुकानावर येतो’ एवढं पुरे. शक्य असेल तर त्या दिवशी माणूस न पाठवता स्वतः जा.

पट्टी लागली की फ्लेक्सचा समोरून एक आणि पट्टीचा जवळून एक असे दोन फोटो काढून त्याच मेलच्या धाग्यात पाठवा: ‘पट्टी लावली आहे, फोटो सोबत. इन्स्टाग्रामवर जुनी पोस्ट आता दिसत नाही, हे मीही तपासले आहे.’ त्यानंतर तुमच्या कॉम्प्युटरवर v3 च्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि लाडवाच्या मूळ फाइलमधला तो पट्टीचा ग्रुप बंद करून, त्याच्या नावापुढे ‘फक्त खजूर लाडू’ असं लिहून सेव्ह करा. पुढच्या सणाला तीच फाइल कुणीतरी पुन्हा उघडणार आहे.